आपल्याच जागेवर येणाऱ्या पोरांना शिकवा म्हणतात. काय करू?

रोलरवाला · रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी वणी तालुक्यात एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर आहे. एकवीस वर्षं एकाच फॅक्टरीत. २४ डबल रोलर जिन आहेत, सगळ्यांची लेदर रोलर, नाइफ, बीटर, बेअरिंग माझ्याच हाताखालून जातात. माझे वडील याच आवारात गठाणी उचलायचे.

संक्रांतीच्या आधी मालकाच्या मुलाने ऑफिसात बोलावलं. सांगितलं, पुढच्या सीझनपासून मेंटेनन्स ठेक्यावर जाणार. ठेकेदार परराज्यातला आहे. त्याची दोन पोरं इथे राहतील आणि काही अडलं तर व्हिडिओ कॉलवर त्यांचा मोठा मिस्त्री तिकडून सांगेल. "तुम्ही दोन महिन्यांत पोरांना तयार करा, आणि रोलर कसा बसवता, नाइफ कशी लावता त्याचे मोबाइलवर व्हिडिओ काढून द्या." मार्चअखेर माझं काय, हे विचारलं तर म्हणे, बघू.

एक कागद पण दिला. त्यात मला 'ट्रेनिंग सुपरवायझर' केलं आहे आणि ५२० रुपये पगारवाढ आहे. बेसिक आणि डीए धरून १७,६८० होते, आता १८,२०० होतील. सही करून द्या म्हणाले. अजून केली नाही.

पोरं चांगली आहेत, त्यांच्यावर राग नाही. पण रोज सकाळी त्यांना हाताला धरून शिकवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन आपण आपलीच जागा रिकामी करून राहिलो हे मनात घेऊन जेवायचं, हे मला जमून नाही राहिलं. सगळं शिकवू? अर्धं शिकवू? की सरळ नाही म्हणू? कोणावर असा प्रसंग आला असेल तर सांगा.

एलएलबी_दुसरं_वर्ष · रात्री १०:३५

दादा, सरळ नाही म्हणा. कायमच्या कामगाराला काढायचं तर सरकारची परवानगी लागते, मालक असं बसल्या जागी काढू शकत नाही. तुमच्या जागी ठेक्याची माणसं आणणं हा कामाच्या अटींमधला बदल आहे आणि त्याची २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाली का? नाही ना? मग शिकवायची सक्तीच नाही. उद्याच लेखी नकार द्या.

सातबारा · रात्री १०:५०

जिनिंगवाल्यांचं असंच असते भाऊ. आमचा कापूस घेताना ओलावा जास्त आहे म्हणून क्विंटलमागे कापतात आणि झडती कमी आली म्हणून परत बोलतात. यावर्षी मी तीन गाड्या नेल्या, तिन्ही वेळा वेगळा भाव लावला. तुम्ही आतले आहात तर सांगा, ओलाव्याचं मशीन खरं दाखवते का?

रोलरवाला · रात्री ११:०५

सातबारा भाऊ, ओलाव्याचं मशीन गेटवर असते, माझं काम आत. पण तुम्ही झडतीचं बोललात म्हणून सांगतो. सरकीवर रुई राहून गेली तर झडती पडते, आणि ते कापसामुळे कमी, नाइफच्या दाबामुळे जास्त होते. पुढच्या वर्षी तो दाब पाहणारा माणूस बदलला तर तुम्हालाच ऐकावं लागेल की तुमचा माल हलका आहे. म्हणून हा विषय तुमचाही आहे.

एलएलबी भाऊ, नोटीस काही मिळाली नाही. पण लेखी नकार द्यायला मन धजत नाही.

जुना_कारकून · सकाळी ७:२०

रोलरवाला, लेखी नकार देऊ नका. मी कामगार न्यायालयात अठरा वर्षं कारकुनी केली. तुमच्यासारख्यांच्या फायली हाताखालून गेल्या. त्यातली निम्मी माणसं कायद्यामुळे नाही, रागाच्या भरात दिलेल्या एका कागदामुळे हरली.

एलएलबींचं अर्धं बरोबर आहे. २१ दिवसांच्या नोटिशीचा मुद्दा खरा आहे. सरकारी परवानगीचा मात्र तुम्हाला लागू नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात परवानगीची अट ३०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला आहे आणि हंगामी कारखाने त्यातून बाहेर आहेत. तुमच्या जिनिंगमध्ये साठ-सत्तर माणसं असतील.

परवानगी लागत नाही म्हणजे फुकट काढता येतं असं नाही. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पुऱ्या झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी द्यावी लागते. १९४७ च्या कायद्यात होतं ते नव्यातही आहे. तुमची २१ वर्षं धरली तर पावणेदोन-दोन लाखांच्या घरात जातं. शिवाय नव्या संहितेत मालकाने आणखी १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा असतो आणि तो कामगाराच्या खात्यात यायचा असतो.

हे पैसे तीन प्रकारे जातात. तुम्ही स्वतः राजीनामा दिला, तर कपात झालीच नाही असं होतं. शिकवायला नकार दिला, तर वाजवी हुकूम मोडला म्हणून चौकशी लावून गैरवर्तनाखाली काढता येतं, आणि त्याला कपातीची भरपाई नसते. तिसरा प्रकार तुमच्या खिशात आहे. तो 'ट्रेनिंग सुपरवायझर'चा कागद.

पर्यवेक्षक म्हणून काम करणारा आणि महिन्याला १८,००० पेक्षा जास्त मजुरी घेणारा माणूस संहितेप्रमाणे 'कामगार' धरला जात नाही. तुमचे १७,६८० होते. ५२० वाढवून १८,२०० केले आणि हुद्दा बदलला. मालकाच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, पण हिशेब बरोबर त्या रेषेच्या पलीकडे जाऊन बसला आहे. कोर्ट हुद्द्याचं नाव पाहत नाही, प्रत्यक्ष मुख्य काम काय ते पाहतं. पण ते तुम्हाला साक्षीपुराव्याने सिद्ध करत बसावं लागेल, तीन-चार वर्षं.

रोलरवाला · सकाळी ८:०२

काकाजी, हे वाचून हात थरथरले. घरी ५२० रुपये वाढले म्हणून सांगितलं होतं, बायकोने साखर वाटली.

मग सहीच करू नको का?

जुना_कारकून · सकाळी ८:४०

पगारवाढ नाकारू नका, हुद्दा नाकारा. कागदाच्या उत्तरात चार ओळी लिहा: मी फिटर म्हणूनच हाताने काम करतो आहे, नवीन माणसांना शिकवणं हे माझ्या फिटरच्या कामासोबत करतो आहे, मला रजा मंजूर करण्याचा, नेमणुकीचा किंवा कारवाईचा कोणताही अधिकार दिलेला नाही, त्यामुळे सुपरवायझर हा हुद्दा माझ्या कामाला धरून नाही. ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागा. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. एक प्रत यवतमाळला सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे.

आणि एक वही घाला. कोणत्या तारखेला पोरांना काय शिकवलं आणि त्याच दिवशी तुम्ही स्वतः कोणत्या नंबरच्या जिनवर काय केलं. संध्याकाळी दोन ओळी पुरे. तुमचं काम हातांचं आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

आता एक प्रश्न. तुम्ही बारा महिने कामावर असता की फक्त सीझनला?

रोलरवाला · सकाळी ९:१५

बारा महिने. सीझन दसरा-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत. मग पावसाळ्यात सगळ्या जिन खोलतो, रोलरची लेदर बदलतो, चर पाडतो, प्रेसचा पंप पाहतो. जून ते सप्टेंबर आम्ही तिघंच आत असतो.

एलएलबी_दुसरं_वर्ष · सकाळी ९:३०

काका, चूक मान्य. पण जिनिंग हंगामी म्हणजे ग्रॅच्युइटी सात दिवसांच्या पगारानेच ना? आम्हाला तसंच शिकवलं.

जुना_कारकून · सकाळी १०:१०

म्हणूनच विचारलं. हंगामी आस्थापनेत जो माणूस फक्त हंगामापुरता असतो त्याला दर हंगामाला सात दिवस. जो वर्षभर असतो त्याला पंधराच. कारखाना हंगामी आहे म्हणून माणूस हंगामी होत नाही.

रोलरवाला, तुमचा हिशेब असा. १८,२०० भागिले २६ म्हणजे दिवसाचे ७००. पंधरा दिवसांचे १०,५००, गुणिले २१ वर्षं, म्हणजे २,२०,५००. तेच सात दिवसांनी केलं तर १,०२,९००. मधला फरक १,१७,६०० रुपयांचा. तो फरक जून ते सप्टेंबर तुम्ही आत होता की नव्हता यावर अवलंबून आहे. ही ग्रॅच्युइटी कपातीच्या भरपाईपेक्षा वेगळी आहे, दोन्ही मिळतात.

पुरावा कुठे मिळेल? पीएफचं पासबुक उघडा. पावसाळ्यातल्या महिन्यांचे हप्ते पडलेले दिसले तर दुसरं काही शोधायला नको.

अचलपूरची_वहिनी · दुपारी १:२५

मी जिनिंगमधली नाही, पण हे वाचून राहवलं नाही. मी इथे एका पतसंस्थेत सात वर्षं खातेवहीचं काम करत होते. आमचं कामही बाहेरच्या एका ऑफिसला दिलं. मला हेडफोन लावून बसवलं आणि महिनाभर मी माझी स्क्रीन दाखवत त्या मुलींना शिकवलं. कोणत्या गावच्या कर्जदाराचं व्याज कसं लावायचं, कोणता शेतकरी हप्ता पोळ्यानंतर भरतो, कोणाला फोन करायचा आणि कोणाच्या घरी माणूस पाठवायचा, सगळं. एक मुलगी शेवटच्या दिवशी म्हणाली, ताई, तुम्ही आता दुसऱ्या शाखेत जाणार ना? तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मला म्हणाले, राजीनामा द्या म्हणजे अनुभवाचा दाखला चांगला देता येईल. मी दिला. दाखला मिळाला. बाकी एक रुपया नाही. राजीनामा दिला म्हणून सगळंच गेलं असं मी धरून चालले होते. हे तीन वर्षांपूर्वीचं.

जुना_कारकून · दुपारी २:०५

वहिनी, सगळं गेलेलं नाही. कपातीची भरपाई राजीनाम्यामुळे गेली हे खरं. ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षं सलग नोकरी झाली की राजीनाम्यानेही मिळते, आणि अर्जाला उशीर झाला एवढ्या कारणाने दावा बाद होत नाही. तिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला होती का?

अचलपूरची_वहिनी · दुपारी २:१२

चौदा जण होतो.

जुना_कारकून · दुपारी २:२०

मग संस्थेकडे लेखी मागणी करा. नेमणूकपत्र आणि राजीनाम्याची प्रत काढून ठेवा. सविस्तर मी वेगळं लिहितो, इथे त्यांचा धागा भरकटायला नको.

ठेक्याचा_पोरगा · सायंकाळी ७:४०

मी दुसऱ्या बाजूचा आहे. गोंदियाचा. ठेकेदाराने मला मागच्या सीझनला वर्ध्याकडच्या एका जिनिंगला पाठवलं होतं, तिथल्या जुन्या मिस्त्रीकडून शिकायला. मले ११,००० मिळतात आणि राहायला पत्र्याची खोली. तो मिस्त्री जाणार आहे हे मला पंधरा दिवसांनी समजलं, तोवर मी त्याच्या डब्यातलं खाऊन राहिलो होतो.

त्याने पहिले रागाने काहीच नाही सांगितलं. मी नुसता पाना धरून उभा राहायचो. मग एक दिवस जिन फसली, कापसाचा गोळा रोलरमध्ये अडकला. मी बटण बंद केलं आणि लगेच हात घातला. रोलर बंद केल्यावरही काही सेकंद फिरत राहते हे मले माहीत नव्हतं. डाव्या हाताचं करंगळीचं टोक गेलं. मिस्त्री माझ्यापेक्षा जास्त रडला. त्यानंतर त्याने सगळं शिकवलं.

दादा, बाकी काही शिकवा नका शिकवू, तुमची मर्जी. पण हे पहिल्या दिवशी सांगा.

रोलरवाला · रात्री ९:१०

भाऊ, तुझं वाचून खूप वेळ काही लिहवलं नाही.

'अर्धं शिकवू का' असं मी विचारलं होतं. तो प्रश्न मागे घेतो. काल सकाळी दोन्ही पोरांना आधी स्टार्टरपाशी नेलं. फसलेली जिन उघडायची तर बटण बंद, स्टार्टरला कुलूप, चावी स्वतःच्या खिशात, रोलर पूर्ण थांबलेला डोळ्यांनी पाहायचा आणि मग लाकडी काडीने गोळा काढायचा. हात नाही. दहा-दहा वेळा करून घेतलं. एकाला हसू आलं, त्याला तुझी गोष्ट आता दाखवतो.

अकोटचा_मिस्त्री · रात्री ९:५५

मी तीस वर्षं जिन बांधल्या, आता घरी आहे. रोलरवाला, तुम्ही मनातून शिकवलं तरी दोन महिन्यांत ते काम हाती येणार नाही, आणि हे तुमच्या मालकाला आत्ताच लिहून द्यायला हवं.

कारण महिना पाहा. जानेवारी-फेब्रुवारीचा कापूस कोरडा असतो. या दिवसांत नाइफ एकदा नीट लावली की आठ-आठ दिवस बघावं लागत नाही. पोरांना वाटेल जमलं. खरी परीक्षा पहिल्या वेचणीच्या मालाची, परतीच्या पावसात भिजून आलेल्या. ओला कापूस रोलरवर घसरतो, गोळा धरतो, उतारा पडतो. नवखा माणूस काय करतो? नाइफचा दाब वाढवतो. मग रोलर तापतो, लेदर जळू लागते, त्याची बारीक काळी भुकटी रुईत जाते आणि रुईचा रंग मारला जातो. खरा इलाज दाब नाही, आधी माल वाळवणं आणि जिनला थोडा थोडा माल देणं हा आहे. हे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिकवता येते, जानेवारीत फक्त सांगता येते.

तो व्हिडिओ कॉलवरचा मिस्त्री पण तिथेच अडेल. लेदर तापल्याचा वास फोनमधून जात नाही. मी रोज सकाळी जिनखालची मूठभर सरकी घेऊन अंगठ्याने चोळायचो. सरकीवर रुईचा पांढरा पदर राहिला तर दाब कमी किंवा चर झिजले. सरकी कटलेली, तुकडे झालेली दिसली तर बीटर आणि फिक्स नाइफ एकमेकांवर चुकीचे बसले. मूठ बघून जे कळते ते कॅमेऱ्यात दिसते, पण कोणती मूठ उचलायची हे कोण सांगणार?

रोलरवाला · रात्री १०:२०

दादा, तुम्ही माझ्याच मनातलं लिहिलं. मी पण सरकीपासूनच सुरू करतो. पोरांना म्हटलं, २४ जिनची २४ मुठी एका कागदावर ओळीने मांडा. मांडल्यावर दोघांनाही ११ नंबरची वेगळी दिसली. चर झिजले होते. मोठ्याने स्वतःहून विचारलं, रोलर काढायचा का? त्या क्षणी, खोटं नाही सांगत, मला आनंदच झाला. मग जेवताना लक्षात आलं की हा आनंद कशाचा.

व्हिडिओचं काय करू? ते रोज मागून राहिले.

एलएलबी_दुसरं_वर्ष · रात्री १०:३२

कामाच्या वेळेत, मालकाच्या मशीनवर असेल तर बहुतेक नकार देता येणार नाही. पण तुमचं तोंड त्यात दाखवायला आणि ते व्हिडिओ ठेकेदाराला दुसरीकडे विकायला तुमची संमती हवी, असं मला वाटतं. काका सांगतील.

जुना_कारकून · रात्री १०:५०

यावर छातीठोक बोलणार नाही, माझ्यासमोर असं प्रकरण कधी आलं नाही. काढायचे तर काढा, पण प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला तारीख, जिनचा नंबर आणि "मी फिटर, हे काम माझ्या हाताने करतो आहे" एवढं बोला आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. ते त्यांच्याइतकंच तुमच्याही कामाला येईल.

अकोटच्या मिस्त्रींचा मुद्दा मात्र लेखी घाला. 'ट्रेनिंग पूर्ण झाले, पोरं तयार आहेत' अशा कागदावर सही करू नका. काय शिकवलं आणि ओल्या मालाचं काय शिकवणं बाकी आहे, ते लिहून द्या. उद्या रुई खराब झाली किंवा कोणाचा हात गेला, तर बोट तुमच्याकडे येऊ नये.

रोलरवाला · तीन दिवसांनी, रात्री ९:३०

कळवतो म्हटलं होतं. उत्तर लिहून दिलं. ऑफिसात पोच द्यायला नाही म्हणाले, म्हणून वणीच्या पोस्टातून स्पीड पोस्ट केलं, एक प्रत यवतमाळला. मालकाच्या मुलाने बोलावून विचारलं, हे कोणी लिहून दिलं? मी म्हटलं, मीच लिहिलं. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, हुद्द्याचा कागद सध्या राहू द्या. मार्चचं अजून काही बोलला नाही.

पीएफचं पासबुक काढलं. २०१२ पासून जून-जुलै-ऑगस्टचे हप्ते सगळे आहेत. त्याआधीची सात वर्षं काहीच नाही, तेव्हा आम्हाला हातात रोख पगार होता. काकाजी, त्या सात वर्षांचं काय? जुनी हजेरी-बुकं मालकाकडेच असतील. माझ्यासोबत पावसाळ्यात काम केलेले दोघे अजून गावात आहेत, एक तर बेअरिंगच्या दुकानात बसतो.

जुना_कारकून · रात्री ९:५८

त्या दोघांचे जबाब प्रतिज्ञापत्र करून आत्ताच घ्या, पुढे ढकलू नका. आणि बेअरिंगच्या दुकानाची जुनी बिलं शोधा. पावसाळ्यात सामान तुम्ही आणत होता ना? बिलाच्या मागे सही कोणाची आहे ते पाहा.

रोलरवाला · रात्री १०:०५

माझीच असते. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन बसतो.